साठाव्या सेकंदाला काय होतं?

पांढरा पडदा. मधोमध ठळक अक्षरांत `504 Gateway Time-out`, खाली एक आडवी रेघ आणि रेघेखाली एकच शब्द, `nginx`. परीक्षेचा अर्ज भरताना, शुल्काची पावती काढताना, निकालाच्या दिवशी बैठक क्रमांक टाकल्यावर हा पडदा कधी ना कधी आपल्यापुढे आलेला असतो. तो पाहून आपण म्हणतो, ‘साइट बंद पडली’, आणि पुन्हा बटण दाबतो. बहुतेक वेळा यातलं निदानही चुकलेलं असतं आणि उपायही. साइट बंद पडलेली नसते. आतला प्रोग्राम त्या क्षणी जीव तोडून काम करत असतो. आणि दुसऱ्यांदा दाबलेल्या बटणामुळे त्याच्या डोक्यावरचं काम फक्त वाढतं.

हा घोटाळा समजून घ्यायचा तर आधी हे पाहायला हवं, की पडद्यावरची ती ओळ लिहितो कोण.

दारात एक, आत दुसरा

आपण एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता टाकतो तेव्हा आपली विनंती थेट त्या संकेतस्थळाच्या मुख्य प्रोग्रामपर्यंत जात नाही. मध्ये एक वेब सर्व्हर उभा असतो. त्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. कचेरीच्या खिडकीवरचा कारकून जसा आपला अर्ज घेतो, आतल्या दप्तरखान्यात पाठवतो आणि तिथून आलेला कागद आपल्या हाती देतो, तसं त्याचं काम. चित्रं, स्टाइलशीट अशा तयार फायली तो स्वतःच देऊन टाकतो. ज्यासाठी डोकं चालवावं लागतं, हिशेब करावा लागतो, डेटाबेस चाळावा लागतो, ते काम तो आतल्या अॅप्लिकेशनकडे सोपवतो. प्रॉक्सीच्या भाषेत या आतल्या अॅप्लिकेशनला ‘अपस्ट्रीम’ म्हणतात.

ही दारातली भूमिका जगभर ज्या प्रोग्रामला फार मोठ्या प्रमाणावर दिली जाते, तो म्हणजे एन्जिनएक्स. इगोर सिसोएव या रशियन प्रोग्रामरनं रॅम्बलर या कंपनीत असताना तो लिहिला आणि २००४ साली सगळ्यांसाठी खुला केला. एकाच यंत्रावर एकाच वेळी हजारो जोडण्या सांभाळायच्या, हा त्यामागचा हेतू होता. म्हणूनच एन्जिनएक्सला वाट पाहणं फार स्वस्त पडतं. एक जोडणी उत्तराची वाट पाहत असेल तर तो तिची नोंद बाजूला ठेवतो आणि दुसरीकडे वळतो. त्याची एकेक प्रक्रिया अशा शेकडो-हजारो जोडण्या थोड्याशा मेमरीत सहज धरून ठेवते.

आतल्या अॅप्लिकेशनचं तसं नसतं. पायथॉनमध्ये जँगो वापरून लिहिलेलं आणि गनिकॉर्नवर चालवलेलं एखादं साधं अॅप्लिकेशन घ्या. तिथे ठरावीक संख्येनं ‘वर्कर’ असतात आणि नेहमीच्या मांडणीत एक वर्कर एका वेळी एकच विनंती हातात घेतो. ती पुरी झाल्याशिवाय पुढची घेत नाही. वर्कर चार असतील तर एका क्षणी चारच माणसांचं काम चालू असतं. बाकीचे आलेत हे अॅप्लिकेशनला ठाऊकही नसतं. त्यांच्या जोडण्या ऑपरेटिंग सिस्टिमनं रांगेत लावलेल्या असतात.

म्हणजे बाहेर हजारांना सामावून घेणारं दार आणि आत चारांना पुरणारी जागा. आतलं काम झटपट होत असेल तर हा फरक कुणाला जाणवत नाही. काम रेंगाळलं की मधल्या रांगेत माणसं साठू लागतात. प्रॉक्सी किती वेळ वाट पाहणार याला मर्यादा हवी, म्हणून त्याला एक मुदत घालून दिलेली असते. एन्जिनएक्समध्ये या मुदतीचं नाव `proxy_read_timeout` आणि मुद्दाम बदललं नाही तर ती ६० सेकंदांची असते. तेवढ्या वेळात आतून काहीच आलं नाही, तर प्रॉक्सी आतली जोडणी तोडतो आणि स्वतःच ५०४ची पाटी आपल्यापुढे धरतो.

१९९६ साली नोंदवलेल्या एचटीटीपीच्या १.० आवृत्तीत हा क्रमांक नव्हता. पाचशेच्या घरातले चारच क्रमांक तेव्हा होते, ५०० ते ५०३. जानेवारी १९९७मध्ये १.१ आवृत्तीची पहिली नोंद प्रसिद्ध झाली, त्यात ५०४ची भर पडली. त्याच्या व्याख्येत एवढंच म्हटलेलं आहे, की मधल्या सर्व्हरला आतल्या सर्व्हरकडून वेळेत उत्तर मिळालं नाही. काम फसलं असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. साठाव्या सेकंदाला फक्त वाट पाहणं संपतं. आतलं काम चालूच राहतं. ५०४च्या बहुतेक गोंधळाचं मूळ या एका गोष्टीत आहे.

एका पावतीचा हिशेब

एक उदाहरण घेऊन आकड्यांनिशी पाहू. समजा, एका महाविद्यालयाचं प्रवेशाचं संकेतस्थळ आहे. बाहेर एन्जिनएक्स, आत गनिकॉर्नचे चार वर्कर, मागे पोस्टग्रेस डेटाबेस. विद्यार्थी अर्ज क्रमांक टाकतो आणि शुल्क भरल्याची पावती छापतो. शुल्काच्या तक्त्यात गेल्या अनेक वर्षांच्या सगळ्या शाखांच्या मिळून ४० लाख ओळी साठल्या आहेत. अर्ज क्रमांकावर इंडेक्स बांधायचं मात्र कुणाला सुचलेलं नाही. इंडेक्स नाही, म्हणून एक पावती शोधायला डेटाबेस पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळीस लाख ओळी वाचतो. त्याला १२ सेकंद लागतात, असं धरू.

एरवी हे कुणाच्या लक्षात येत नाही. दुपारी एखादा विद्यार्थी येतो, बारा सेकंद चाकाकडे पाहत बसतो, पावती मिळते, निघून जातो. संगणकावर चाचणी घेतली तेव्हा तर तक्त्यात पाचेक हजारच ओळी होत्या आणि पावती डोळ्याची पापणी लवायच्या आत येत होती.

आता शेवटच्या तारखेची संध्याकाळ. दर सेकंदाला एक विद्यार्थी पावती मागतोय. चार वर्कर, प्रत्येकाला बारा सेकंद, म्हणजे सरासरी दर तीन सेकंदांना एक पावती बाहेर पडते. तीन सेकंदांत येतात तिघं आणि सुटतो एक. दर तीन सेकंदांना रांग दोघांनी वाढते.

चोविसाव्या सेकंदाला रांगेत साधारण सोळा जण झालेले असतात. त्या क्षणी येणाऱ्याचा नंबर लागायला सोळा गुणिले तीन, म्हणजे ४८ सेकंद जाणार. नंतर त्याच्या स्वतःच्या पावतीला १२. बेरीज बरोबर ६०. याचा अर्थ, चोविसाव्या सेकंदानंतर जो कुणी येईल त्याच्या नशिबी ५०४ लिहिलेलं आहे. पण हे अजून कुणालाच दिसलेलं नाही, कारण त्याची साठ सेकंदांची मुदत आत्ता कुठे सुरू झाली. पहिला पांढरा पडदा उमटतो चौऱ्याऐंशीव्या सेकंदाला. तक्रारीचा पहिला फोन येतो त्याच्या कितीतरी आधी प्रकरण हाताबाहेर गेलेलं असतं.

खरी गंमत यापुढे आहे. साठाव्या सेकंदाला एन्जिनएक्सनं एका विद्यार्थ्याची जोडणी तोडली. पण ती विनंती रांगेतून आपोआप निघून जात नाही. विनंतीचा मजकूर आधीच पोचून ऑपरेटिंग सिस्टिमकडे पडून असतो. वर्कर मोकळा झाला की तो इमानदारीनं ती उचलतो, चाळीस लाख ओळी वाचतो, पावती तयार करतो आणि द्यायला जातो, तर समोर कुणीच नाही. बारा सेकंदांचं काम वाया. मग तो रांगेतली पुढची विनंती उचलतो. तिचीही मुदत तोवर संपलेलीच असते.

दहा मिनिटांचा हिशेब मांडून पाहा. ६०० विद्यार्थी आले. सर्व्हरनं साधारण २०० पावत्या तयार केल्या. त्यातल्या माणसांच्या हाती पडल्या त्या पहिल्या चोवीस जणांच्या. उरलेल्या पावणेदोनशे पावत्या निघून गेलेल्यांसाठी बनल्या. रांगेत अजून चारशे विनंत्या उभ्या आहेत. या क्षणी एकही नवा विद्यार्थी आला नाही, तरी ही रांग उपसायला चारशे गुणिले तीन, म्हणजे वीस मिनिटं लागतील आणि त्यातली बहुतेक मेहनत फुकट जाईल. हिशेबात आपण एक गोष्ट धरलेलीच नाही : ५०४ पाहिलेला प्रत्येक जण पुन्हा बटण दाबतो. त्याची जुनी विनंती रांगेत आहेच, आता नवीही शेवटी जाऊन उभी राहते.

आणखी एक परिणाम लोकांना बुचकळ्यात टाकतो. ज्यांना पावती नको, फक्त मुखपृष्ठ उघडायचं आहे, त्यांनाही ५०४ दिसतो. मुखपृष्ठाला वर्करचा दशांश सेकंदसुद्धा लागत नाही. पण तीही विनंती त्याच चार वर्करांच्या रांगेत उभी असते. म्हणून ‘कुठलंच पान उघडत नाही’ ही तक्रार खरी असते आणि तरीही दोष एकाच पानाचा असतो.

अशा वेळी कुणीतरी सुचवतं, ‘सर्व्हर रीस्टार्ट करा’. केला की खरोखर बरं वाटतं, आणि त्याचं कारण आता कळेल. रीस्टार्टनं ती निरुपयोगी रांग पुसली जाते, नव्यानं आलेल्यांना पावत्या मिळू लागतात. पण येणाऱ्यांचा वेग तोच आणि पावतीचे बारा सेकंदही तेच. चोवीस सेकंदांत रांग पुन्हा तिथेच येऊन ठेपते आणि दीड मिनिटाच्या आत पहिला पडदा पुन्हा उमटतो.

दोष नेमका कुठे, हे कसं ओळखायचं

पडद्यावर दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त एन्जिनएक्स आपल्या एरर लॉगमध्ये लिहून ठेवतो. आपल्या उदाहरणात तिथे अशी ओळ सापडेल :

```
upstream timed out (110: Connection timed out)
while reading response header from upstream
```

११० हा लिनक्सचा ‘वेळ संपली’ सांगणारा क्रमांक. महत्त्वाचे शब्द शेवटचे आहेत. उत्तराची सुरुवात वाचायची वाट पाहताना वेळ संपली, असं ते सांगतात. म्हणजे जोडणी झाली होती, विनंती पोचली होती, उत्तर आलं नाही. याच जागी `while connecting to upstream` असं असतं तर प्रकरण वेगळं : आतल्या यंत्रापर्यंत पोचताच आलं नाही, तेव्हा नेटवर्क, फायरवॉल किंवा बंद पडलेलं यंत्र तपासायचं. आणि आतलं अॅप्लिकेशन चालूच नसेल तर सहसा जोडणी लगेच नाकारली जाते. तेव्हा ५०४ येत नाही, ५०२ येतो, तोही क्षणार्धात. पडदा यायला किती वेळ लागला, एवढ्यावरूनही बरंच काही कळतं.

दुसरी मदत अॅक्सेस लॉगची. त्यात वेळा आपोआप लिहिल्या जात नाहीत, मागून घ्याव्या लागतात :

```
log_format vel '$time_local "$request" $status '
               'rt=$request_time '
               'urt=$upstream_response_time';
access_log /var/log/nginx/access.log vel;
```

`rt` हा त्या विनंतीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत लागलेला वेळ आणि `urt` हा त्यातला अपस्ट्रीमनं घेतलेला वेळ. `rt` मोठा आणि `urt` छोटा असेल तर अॅप्लिकेशन निर्दोष आहे. सहसा मागणाऱ्याचं इंटरनेट मंद असतं. दोन्ही मोठे असतील तर दोष आत. आणि ५०४च्या सगळ्या ओळींमध्ये आकडा एकसारखा, ६०.००च्या आसपास दिसेल. असा गोल आकडा दिसला की समजावं, हा कामाला लागलेला वेळ नाही, कुणाच्या तरी मुदतीचा आकडा आहे. खरी कामं इतकी काटेकोर साठ सेकंदांची नसतात. आकडा ३० असेल तर एन्जिनएक्सऐवजी तीस सेकंदांची मुदत असलेला कुणी मध्ये बसलेला आहे, त्याला शोधायचं.

तिसरी खूण सगळ्यांत उपयोगाची. अॅप्लिकेशनच्या स्वतःच्या लॉगमध्येही प्रत्येक विनंतीचा वेळ नोंदवता येतो. आपल्या उदाहरणात अॅप्लिकेशन सांगेल, ‘पावतीला मला बारा सेकंद लागले’. एन्जिनएक्स सांगेल, ‘मी साठ सेकंद थांबलो’. दोघंही खरं बोलतायत. अॅप्लिकेशनचं घड्याळ वर्करनं विनंती हातात घेतल्यावर सुरू होतं आणि मधले अठ्ठेचाळीस सेकंद रांगेत गेलेले असतात. हा फरक न पाहिल्यामुळे कितीदा तरी दोन माणसं आपापला लॉग समोर धरून भांडत बसतात.

गनिकॉर्नच्या बाबतीत तर हा तर्क आणखी पुढे नेता येतो. त्याची स्वतःचीही एक मुदत असते, ३० सेकंदांची. नेहमीच्या मांडणीतला वर्कर एकाच विनंतीत त्याहून जास्त अडकला तर गनिकॉर्न त्याला मारून नवा उभा करतो आणि लॉगमध्ये `WORKER TIMEOUT` असं लिहितो. त्या विद्यार्थ्याला ५०४ दिसत नाही, ५०२ किंवा ५०० दिसतो. याचा अर्थ असा, की मुदती मूळच्याच ठेवलेल्या असताना ५०४ दिसत असेल, तर कुठलीही एक विनंती साठ सेकंद चाललेली नाही. चाललीच नसती, तिसाव्या सेकंदालाच तिचा निकाल लागला असता. उरलेला वेळ रांगेचाच आहे. आकडे फक्त दोन, पण ‘एक काम फार लांब’ आणि ‘कामं फार साठली’ हे दोन आजार त्यांच्यावरून वेगळे करता येतात.

रांग आहे हे कळलं, पावतीचं पान मंद आहे हेही कळलं. आता डेटाबेसलाच विचारायचं, की हे काम तू कसं करतोस :

```
EXPLAIN ANALYZE
SELECT * FROM payments WHERE application_no = 'A48213';
```

उत्तरात `Seq Scan on payments` दिसलं आणि खाली `Rows Removed by Filter` पुढे लाखांतला आकडा दिसला, की चोर सापडला. एका ओळीसाठी सगळा तक्ता वाचला जातोय. उपाय एका वाक्याचा :

```
CREATE INDEX CONCURRENTLY payments_appno_idx
ON payments (application_no);
```

`CONCURRENTLY` लिहिलं की इंडेक्स बांधायला वेळ जास्त लागतो, पण तोवर तक्त्यात नव्या नोंदी करणं थांबत नाही. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी हे फार महत्त्वाचं असतं. इंडेक्स झाल्यावर तीच पावती काही मिलिसेकंदांत सापडते. पान तयार करण्यासकट पन्नास मिलिसेकंद धरले, तर तेच चार वर्कर सेकंदाला ८० पावत्या देतात. आधी तीन सेकंदांना एक देत होते. नवं यंत्र घेतलं नाही, वर्कर वाढवले नाहीत, मुदतही बदलली नाही.

दर वेळी गुन्हेगार इंडेक्सच असतो असं नाही. अॅप्लिकेशन वाटेत बाहेरच्या एखाद्या सेवेला हाक मारतं, एसएमएस पाठवतं, बँकेकडे चौकशी करतं, आणि ती सेवाच गप्प बसते. पायथॉनची `requests` ही लोकप्रिय लायब्ररी आपण मुदत सांगितली नाही तर उत्तराची अमर्याद वाट पाहते. अशा चार हाका अडकल्या की चारही वर्कर अडकले. कधी एकाच ओळीवर दोघांना लिहायचं असतं आणि दुसरा कुलूप उघडायची वाट पाहत राहतो. पोस्टग्रेसच्या `pg_stat_activity` या यादीत कोण कशासाठी थांबलंय ते दिसतं. या दोन्ही प्रकारांत प्रोसेसर जवळजवळ रिकामा असतो. यंत्र निवांत आणि तरीही ५०४, असं दिसलं तर आधी कोण कुणाची वाट पाहतंय ते शोधावं.

मुदत वाढवली तर?

५०४वर सगळ्यांत जास्त सुचवला जाणारा उपाय म्हणजे `proxy_read_timeout` ६०वरून ३०० करणं. आपल्याच उदाहरणात तो करून पाहू. तीन सेकंदांत तिघं येणार आणि एक सुटणार, हे बदललेलं नाही. फक्त नशिबी ५०४ असलेला पहिला विद्यार्थी चोविसाव्या सेकंदाऐवजी एकशे चव्वेचाळिसाव्या सेकंदाला येईल. त्याला नकार मिळायला पाच मिनिटं लागतील. तोवर तो पान बंद करून पुन्हा उघडणार, म्हणजे वाया जाणारं काम उलट वाढणार. गर्दी अगदी थोडा वेळच टिकणार असेल, तर लांब मुदत ती पोटात घालू शकते. गर्दी टिकली की दुखणं फक्त पुढे ढकललं जातं.

शिवाय एन्जिनएक्सच्या बाहेरही कुणी बसलेला असू शकतो. अॅमेझॉनच्या क्लाउडमधल्या लोड बॅलन्सरची मुदत मूळची ६० सेकंदांचीच असते. आत तीनशे केले आणि बाहेर साठच राहिले, तर साठाव्या सेकंदाला पाटी येणारच, फक्त खाली `nginx` हा शब्द नसेल. म्हणून मुदती आतून बाहेर वाढत जायला हव्यात : डेटाबेसची सर्वांत कमी, अॅप्लिकेशनची त्याहून जास्त, प्रॉक्सीची त्याहून जास्त. पोस्टग्रेसमध्ये `statement_timeout` मुळात बंद असतो, म्हणजे एखादी चौकशी तासभर चालली तरी तो अडवत नाही. तो या अॅप्लिकेशनपुरता दोन सेकंदांचा केला, तर पावती शोधणारी मंद चौकशी दुसऱ्या सेकंदाला नेमक्या कारणासह फसेल, वर्कर मोकळा होईल आणि मुखपृष्ठ पाहायला आलेल्यांना ते दिसत राहील. आतला आधी हरला तर दोष कुठला हे कळतं. बाहेरचा आधी हरला तर हाती फक्त ५०४ उरतो.

या मुदतीबद्दल एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. ६० सेकंद हे पूर्ण उत्तरासाठी नसतात. लागोपाठच्या दोन वाचनांमध्ये किती वेळ शांतता चालेल, याची ती मर्यादा असते. अॅप्लिकेशननं उत्तर थोडं थोडं पाठवत ठेवलं तर दहा मिनिटं चालणारं उत्तरही या मुदतीत बसतं.

काही कामं मात्र खरोखरच लांब असतात. वर्षभराच्या सगळ्या पावत्यांचा एकत्र अहवाल काढायला दीड मिनिट लागणारच असेल, तर ते काम ब्राउझरला ताटकळत ठेवून करायचं नसतं. अॅप्लिकेशननं विनंती नोंदवून घ्यावी, `202 Accepted` असं लगेच उत्तर द्यावं, काम मागे वेगळ्या प्रक्रियेकडे सोपवावं आणि पानानं दर काही सेकंदांनी ‘झालं का?’ असं विचारत राहावं. प्रत्येक विचारणा क्षणात संपते. वर्कर अडकत नाही आणि साठ सेकंदांचा प्रश्नच उरत नाही.

बटण दाबलेल्यानं काय करावं

वापरणाऱ्याच्या दृष्टीनं दोन प्रकार वेगळे करायला हवेत. फक्त काही पाहायचं असेल, निकाल, यादी किंवा पावती, तर ५०४नंतर पुन्हा प्रयत्न करण्यात नुकसान नाही. मात्र दोन-चार मिनिटं थांबून करावा, कारण लगेच केलेला प्रयत्न बहुधा त्याच रांगेच्या शेवटी जातो. पण अर्ज सादर केला असेल किंवा पैसे भरले असतील, तर ५०४ म्हणजे ‘झालं नाही’ असं मुळीच नाही. पडदा आल्यानंतरही वर्करनं विनंती उचलून नोंद केलेली असू शकते. आधी बँकेचा संदेश पाहावा, ‘माझे अर्ज’सारख्या पानावर नोंद आहे का ते तपासावं, मगच दुसऱ्यांदा काही करावं. ब्राउझर ‘फॉर्म पुन्हा पाठवायचा का?’ असं विचारतो तेव्हा घाईनं हो म्हणू नये.

ही काळजी खरं तर बनवणाऱ्यानंच घ्यायला हवी. फॉर्म उघडताना त्याला एक वेगळा क्रमांक द्यायचा, तो विनंतीबरोबर पाठवायचा आणि डेटाबेसमध्ये तो क्रमांक दोनदा येऊच शकणार नाही अशी अट घालायची. मग विद्यार्थ्यानं घाबरून पाच वेळा बटण दाबलं तरी शुल्काची नोंद एकदाच होते आणि बाकीच्या चार वेळा पहिल्याचंच उत्तर परत मिळतं.

आणि ज्यांच्याकडे सर्व्हरची जबाबदारी आहे त्यांनी ५०४ मोजत बसू नये. आपल्या उदाहरणात पहिला ५०४ दिसेपर्यंत साठ विनंत्या आधीच वाया जाणार, हे ठरलेलं होतं. त्याच लॉगमध्ये बारा सेकंदांच्या ओळी मात्र महिनोन्महिने दिसत होत्या, `200` या यशाच्या क्रमांकासह. पावती मिळाली, म्हणून कुणी तक्रार केली नाही. आठवड्यातून एकदा `urt` पाच सेकंदांच्या वर गेलेल्या ओळी गाळून काढल्या असत्या, तर हे पान केव्हाच यादीत सगळ्यांत वर आलं असतं आणि इंडेक्स एखाद्या निवांत दुपारी बांधून झाला असता.